करडईचं तेल 300 रुपये लिटर: घाण्याचा हिशेब नेमका किती लिटरवर बसतो?

लातूर, परभणी, बीडकडे गेल्या काही वर्षांत लाकडी घाण्याच्या पाट्या पुष्कळ दिसायला लागल्या. तेलाचा भाव मात्र बहुतेक जण एकाच पद्धतीनं ठरवतात. शेजारचा घाणेवाला 310 ला देतोय, मग आपण 300 ला देऊ. शेजाऱ्याचं दुकान स्वतःच्या जागेत आहे, त्याची पेंड घरच्या म्हशींना जाते, मुलगाच घाण्यावर बसतो. यातलं काहीच त्या पाटीवर लिहिलेलं नसतं. भाव त्याचा आणि खर्च आपला, अशी गाठ मारली की दिवसभर गिऱ्हाईक असूनही वर्षाअखेर हातात काही उरत नाही.

हा हिशेब करडईच्या तेलावर, एका घाण्याच्या छोट्या कारखान्यासाठी मांडू. खालचे दर उदाहरणापुरते आहेत. तिथं तुमचे टाका. पद्धत तीच राहते.

सगळ्यात आधी खर्चाचे दोन ढीग करायचे. एक लिटर तेल जास्त काढलं तर जो खर्च वाढतो तो बदलता खर्च: बी, वीज, बाटली. घाणा महिनाभर बंद ठेवला तरी जो द्यावाच लागतो तो बांधील खर्च: भाडं, पगार, व्याज. विक्रीच्या भावातून फक्त बदलता खर्च वजा केला की जे उरतं त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. याला नफा समजायचं नाही. प्रत्येक लिटरनं बांधील खर्चाच्या खड्ड्यात टाकलेली ती पाटीभर माती आहे. खड्डा भरला की ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा. त्यानंतर पडणारी पाटी तुमची.

आता बदलता खर्च काढू. तो लिटरवरून सुरू करू नका, एका घाणीवरून करा. घाणी म्हणजे एका वेळी घाण्यात घातलेला माल.

समजा मोंढ्यात करडई 6,500 रुपये क्विंटल पडली. हमाली, तोलाई, गाडीभाडं मिळून क्विंटलला आणखी 100. चाळून, पाखडून माती, काडी, फोलं गेली की 100 किलोचे 97 किलो राहतात. म्हणजे 6,600 रुपयांत 97 किलो, स्वच्छ बी 68 रुपये किलो. इथंच पहिली चूक होते: हिशेबात 65 धरतात, घाण्यात 68 चा माल जातो.

एका घाणीत 16 किलो बी, त्याचे 1,088 रुपये. तीन हॉर्सपॉवरची मोटर तासभर चालली तर साधारण सव्वादोन युनिट, त्याचे 20 रुपये धरू. वंगण, गाळायचं कापड, घाण्यात बी चिरडणाऱ्या लाकडी लाटेची झीज यांचे 11. झाले 1,119. यातून पेंडीचे पैसे वजा करायचे, कारण पेंड हा त्याच बियांचा दुसरा माल आहे. 11 किलो पेंड 24 रुपयांनी गेली तर 264. राहिले 855 रुपये.

या 855 रुपयांत तेल किती मिळालं? तेल काढल्या काढल्या मोजू नका. तीन-चार दिवस निवळू द्या, गाळ तळाला बसू द्या, मग मोजा. समजा घाणीला साडेचार लिटर स्वच्छ तेल आलं. मग लिटरला 190 रुपये. बाटली, बूच, लेबल, खोक्यातला वाटा आणि गळती-फुटीचं मिळून 20. एकूण बदलता खर्च लिटरला 210. भाव 300, म्हणून कॉन्ट्रिब्युशन 90 रुपये.

लिटर आणि किलो यांची गल्लत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल साधारण 920 ग्रॅम भरतं. आपल्याकडं अजूनही किटली घेऊन ‘किलोभर तेल द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक येतं. काट्यावर किलो मोजून दिलं आणि पैसे लिटरचे घेतले, तर त्याला 87 मिली जास्त गेलं. किटलीत दिल्यामुळं बाटलीचा खर्च वाचला म्हणून हे लक्षात येत नाही. पण तोच किलो तुम्ही बाटलीत भरून 300 ला दिला, तर कॉन्ट्रिब्युशन 90 वरून साडेत्र्याहत्तरवर येतं. किलोचा भाव वेगळा लिहा. 300 रुपये लिटर असेल तर तो किलोला 326 होतो.

दुसरा ढीग बांधील खर्चाचा, महिन्याचा. भाडं 9,000. घाणा चालवणाऱ्याचा पगार 15,000. बाटल्या भरणाऱ्या बाईंचा 9,000. मालकाचा पगार 18,000. कर्जाचं व्याज 4,000. घाणा, टाकी, फिल्टर मिळून 3 लाख 60 हजारांचं सामान सहा वर्षं चालेल असं धरलं तर घसारा 5,000. विजेचा स्थिर आकार, फोन, परवाना, हिशेबनीस मिळून 3,000. बेरीज 63,000.

63,000 भागिले 90, उत्तर 700 लिटर. महिन्याला 700 लिटर विकलं की खड्डा भरला.

यातला मालकाचा पगार आणि घसारा बरेच जण धरतच नाहीत. ‘आपलंच तर आहे.’ ते दोन्ही काढले तर बांधील खर्च 40,000 वर येतो आणि ब्रेक-इव्हन 444 लिटरवर. गल्ला रोज भरतो, कुणाचं देणं थकत नाही, म्हणून धंदा बरा चाललाय असं वाटतं. खरं म्हणजे 444 पासून 700 पर्यंत मालक फुकट राबतोय आणि घाणा आपला आपण झिजतोय. लाट बदलायची वेळ आली, मोटर जळाली, की हे कळतं.

आता 700 हा आकडा घाण्याला विचारून बघा. साडेचार लिटरची घाणी म्हणजे महिन्याला 156 घाणी. 26 दिवस काम धरलं तर रोज सहा. एक घाणी तासाची. वीज जाणं, पेंड काढणं, झाडणं-पुसणं धरून आठ तासांत सातच्या वर होत नाहीत. महिन्याला 182 घाणी, म्हणजे 819 लिटर, ही या घाण्याची हद्द. 819 च्या 819 लिटर विकलं तरी नफा फक्त 10,710 रुपये. ब्रेक-इव्हनचा आकडा कधीच एकटा वाचायचा नाही. त्याच्या शेजारी आपण किती काढू शकतो हा आकडा लिहून ठेवायचा.

भाव ठरवताना हे दोन्ही आकडे शेजारी असले की निर्णय सोपा होतो. समजा सध्या 760 लिटर विकतंय. कॉन्ट्रिब्युशन 68,400, नफा 5,400. कुणी सुचवलं, 20 रुपये कमी करा, गिऱ्हाईक वाढेल. भाव 280 झाला की कॉन्ट्रिब्युशन 90 वरून 70. भावात सात टक्क्यांची सूट, पण कॉन्ट्रिब्युशनमध्ये 22 टक्क्यांचा खड्डा. ब्रेक-इव्हन 900 लिटरवर गेला आणि घाण्याची हद्द 819. म्हणजे दारात रांग लागली तरी या भावाला तोटाच.

उलटं करून बघा. भाव 320 केला तर कॉन्ट्रिब्युशन 110 आणि ब्रेक-इव्हन 573 लिटर. आजचाच 5,400 चा नफा राखायला 622 लिटर पुरतं. म्हणजे 760 पैकी 138 लिटरचं गिऱ्हाईक तुटलं तरी आपण होतो तिथंच आहोत. आता प्रश्न ‘भाव वाढवू का’ असा उरत नाही. ‘20 रुपयांसाठी शंभरातली 18 गिऱ्हाइकं जातील का’ असा होतो, आणि त्याचं उत्तर गल्ल्यावर बसणाऱ्याला बऱ्यापैकी माहीत असतं.

हे सगळं गणित एका गोष्टीवर तोललेलं आहे, ती म्हणजे घाणीला साडेचार लिटर तेल. ते 4.2 लिटर आलं, फक्त 300 मिली कमी, तर 855 रुपये 4.2 लिटरवर वाटले जातात. लिटरला जवळपास 204, बाटलीसकट 224. कॉन्ट्रिब्युशन 76 वर घसरतं, ब्रेक-इव्हन 825 लिटरवर चढतो आणि घाण्याची हद्द त्याच वेळी 764 लिटरवर उतरते. दोन्ही आकड्यांनी एकमेकांना ओलांडलं. कारखाना तोट्यात गेला आणि दुकानात काहीच बदललेलं दिसत नाही.

म्हणून घाण्याशेजारी एक वही टांगा. तारीख, कुठल्या पोत्यातलं बी, किती किलो घातलं, पेंड किती किलो निघाली. तेल घाणीगणिक निवळत ठेवणं जमत नाही, म्हणून टाकीवर दिवसाच्या घाण्यांची संख्या लिहा आणि निवळलेलं तेल त्या संख्येनं भागा. पेंडीचं वजन नेहमीपेक्षा वाढलं की तेल पेंडीत राहतंय. ताजी पेंड वर्तमानपत्राच्या कागदात दाबून बघा. नेहमीपेक्षा मोठा, पारदर्शक डाग पडला तर तीच खूण. लाट झिजली असेल, दाब कमी पडत असेल किंवा बी ओलसर असेल. पेंड नेहमीइतकीच आणि तेल कमी असेल तर बियांतच तेल कमी, किंवा टाकीत गाळ जास्त. पोकळ, फोलपटाचं बी मोंढ्यात दोन रुपयांनी स्वस्त मिळतं, पण या वहीत ते महाग निघतं.

बियांच्या भावाचाही पाढा पाठ करून ठेवावा. साडेचार लिटरला 16 किलो बी, म्हणजे लिटरला साडेतीन किलोहून थोडं जास्त. बी किलोला एक रुपयानं महागलं की तेल लिटरला साडेतीन रुपयांनी महागलं. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते तेव्हा आवक असते. पावसाळ्यात बी 10 रुपयांनी चढलं तर 90 चं कॉन्ट्रिब्युशन 54 वर येतं. तेव्हा भाव हलवावाच लागतो. ‘माझ्याकडं मार्चचा माल आहे, मला 68 नंच पडलाय’ हा युक्तिवाद फसवा आहे. ते पोतं आज तसंच मोंढ्यात नेलं तर आजचा भाव येईल. तेलाचा भाव ठरवताना बी आजच्या भावानं धरा. मार्चमध्ये साठवल्याचा फायदा वेगळ्या पानावर लिहा आणि त्यातून गोदाम, व्याज, पोरकिड्याचं नुकसान वजा करा. बहुतेकदा त्या पानावरचा आकडा वाटतो तेवढा मोठा नसतो.

आता शेंगदाणा. इथं कॉन्ट्रिब्युशनचा हिशेब शिकलेली माणसंही चुकतात. 16 किलो शेंगदाणे 115 रुपयांनी 1,840. वीज आणि झीज तेच 31. पेंड 9 किलो, 37 रुपयांनी 333. राहिले 1,538 आणि तेल 7 लिटर. लिटरला 220, बाटलीसकट 240. बाजारात भाव 310 मिळतोय. कॉन्ट्रिब्युशन 70.

करडईत 90, शेंगदाण्यात 70. म्हणून करडईच काढावी? ब्रेक-इव्हनही तेच सांगतोय: करडईला 700 लिटर, शेंगदाण्याला 900. पण घाण्याला लिटर कळत नाहीत, त्याला तास कळतात. एका घाणीतून करडई साडेचार गुणिले 90, म्हणजे 405 रुपये देते. शेंगदाणा सात गुणिले 70, म्हणजे 490. खड्डा भरायला करडईच्या 156 घाणी लागतात, शेंगदाण्याच्या 129. महिनाभर पूर्ण घाणा चालला आणि सगळं विकलं गेलं, तर करडईत 10,710 उरतात, शेंगदाण्यात 26,180.

‘सगळं विकलं गेलं तर’ हे शब्द मात्र गिळू नका. शेंगदाण्याचं 1,274 लिटर खपवायचंय, करडईचं 819. माल भरायलाही जवळपास पावणेदोनपट पैसा लागतो. म्हणून आपली अडचण कुठं आहे ते आधी बघायचं. घाणा दुपारनंतर रिकामा बसत असेल तर अडचण गिऱ्हाइकाची आहे. मग लिटरमागं जास्त देणारी करडई पुढं करा. घाणा अंधार पडेपर्यंत चालूनही माल पुरत नसेल तर अडचण तासांची आहे. मग घाणीमागं जास्त देणारा शेंगदाणा आधी लावा. दिवाळीच्या आधी दुसरी परिस्थिती असते, उन्हाळ्यात बहुतेकदा पहिली. तुमच्या घाण्यावर शेंगदाणा 50 मिनिटांत होत असेल तर घड्याळ लावून तासाचा आकडा काढा, फरक आणखी रुंदावेल.

शेतकरी घरचं बी आणून घाणा काढून नेतो, त्यालाही हेच माप लावा. किलोला 15 रुपये मजुरी, तेल आणि पेंड त्याची. 16 किलोचे 240, वजा 31, घाणीमागं 209. माल भरायला पैसा नाही, विकायची काळजी नाही. रिकाम्या तासाला हे सोनं आहे. भरल्या तासाला मात्र 405 सोडून 209 घेतल्यासारखं. ठरावीक वार लावून द्या, एवढं पुरे.

दुकानदाराची गोष्ट थोडी नाजूक. तो म्हणतो, महिन्याला 55 लिटर घेतो, पण 250 नं द्या. बदलता खर्च 210, पोचवायचे 5, म्हणून लिटरला 35 रुपये. खड्डा आधीच भरलेला असेल तर हे 1,925 रुपये सरळ नफ्यात जातात. 760 विकून घाण्यात 59 लिटरची जागा उरते, तीत हे बसतंही. घ्यायला हरकत नाही, असं गणित म्हणतं. पण दुकान तुमच्याच पेठेत असेल आणि तो 290 ला विकत असेल, तर तुमचीच काही गिऱ्हाइकं तिकडं वळणार. वळलेल्या प्रत्येक लिटरवर 90 जाऊन 35 येतात, म्हणजे 55 चा तोटा. मांडून बघितलं तर 55 लिटरपैकी 21 लिटरपर्यंत तुमचं जुनं गिऱ्हाईक असलं तरी चालतं. 22 झाली की हा सौदा घरातून पैसे घालून केल्यासारखा. दुसऱ्या तालुक्याच्या दुकानाला तोच भाव बिनधास्त द्या. उधारी मात्र दोन्हीकडं सारखीच मोजा. 35 रुपये कमावण्यासाठी 215 अडकलेले असतात, त्यामुळं एका लिटरचे पैसे बुडाले तर सहा लिटरचं कॉन्ट्रिब्युशन गेलं.

शेवटी दुसऱ्या घाण्याचा विचार, कारण इथं बांधील खर्च पायरीसारखा चढतो. आणखी एक माणूस 15,000, घसारा आणि व्याजाचे 4,000, असे 19,000 वाढले. 90 नं भागलं तर 211 लिटर जास्त विकावं लागेल, एकूण 911. पण तेवढ्या विक्रीला करडईच्या तेलाची वर्षाची उलाढाल 33 लाखांच्या आसपास जाते आणि पेंडीची सव्वासहा ते साडेसहा लाख. फक्त माल विकणाऱ्यांना महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा 40 लाखांची आहे आणि त्यात पेंडीची विक्रीही मोजली जाते. दुसरा घाणा लागला की ही रेघ ओलांडायला फार वेळ लागत नाही.

खाद्यतेलावर 5 टक्के कर. पाटीवर 300 तसाच ठेवला तर त्यातले 14 रुपये 29 पैसे कराचे, तुमच्याकडं 285.71. बाटल्यांवरच्या कराची वजावट सोडून दिली तर कॉन्ट्रिब्युशन 90 वरून 75.71 वर येतं आणि 82,000 च्या बांधील खर्चाला 1,083 लिटर लागतात. आज विकताय 760. जीएसटीच्या, छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत उत्पादकाला एकूण उलाढालीवर 1 टक्का भरावा लागतो. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. पेंडीचा वाटा धरून लिटरला साधारण 3 रुपये 60 पैसे जातात, मग ब्रेक-इव्हन 950 लिटरच्या आसपास. आणि साधा जीएसटी घेऊन कॉन्ट्रिब्युशन 90 च ठेवायचं असेल तर पाटीवर 315 लिहावे लागतात. घाण्याची ऑर्डर देण्याआधी महिना-दोन महिने जुन्याच घाण्यावर 315 ची पाटी लावून बघा. तेवढ्यानं किती गिऱ्हाईक तुटतं हे कळेल आणि तोपर्यंत वरचे 15 रुपये तुमचेच आहेत.